नवरा तारवार, मी तालमीला: आमच्यात नक्की काय मोडलं?

सांजवात_फोंडा

नमस्कार. लिहू की नको असं करत पंधरा दिवस गेले. घरात कुणाशी बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

लग्नाला ११ वर्षं झाली. नवरा तारवार असतो, सेकंड इंजिनीअर. सहा महिने जहाजावर, मग तीन-साडेतीन महिने घरी. मी फोंड्याजवळच्या एका शाळेत शिकवते. घरी सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी.

यंदा एप्रिलमध्ये तो साइन ऑन झाला. जुलैमध्ये मला आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली. त्याच्या जहाजावर तेव्हा नेट नीट नव्हतं, चार-चार दिवस मेसेज जात नसत. इंजिन रूममध्ये उभा असताना त्याला हे कळून तो करणार काय, या विचाराने मी सांगितलंच नाही. सांगितलं ते आमच्या गावच्या नाटकाच्या दिग्दर्शकाला. चवथीच्या नाटकाची तालीम चालू होती. तो रोज रात्री मला आणि शेजारच्या वहिनींना घरापर्यंत सोडायचा. सुईने तपासणी करायला गेले तेव्हा बाहेर बाकावर तोच बसला होता. गाठ साधी निघाली. पण त्या तीन आठवड्यांत मी त्याच्याशी जितकं बोलले तितकं कुणाशीच बोलले नव्हते. भीती, आई गेली तेव्हाचं, लग्नातला एकटेपणा, सगळं.

ऑक्टोबरमध्ये नवरा आला. माटोळी उतरवून ठेवली होती ती बघत वहिनी सहज म्हणाल्या, "आता बरी आहे ना ती, गाठीचं टेन्शन होतं." तो तिथल्या तिथे गप्प झाला. रात्री म्हणाला, "तू मला फसवलंस."

मी त्या माणसाला हातसुद्धा लावलेला नाही. त्याचा तसा काही विचारही दिसला नाही. मी हे शपथेवर सांगितलं. नवरा म्हणाला, "ते मी विचारलंच नाही."

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यात कळली. मे महिन्यात त्याने त्याच्या भावाला जमिनीच्या वादासाठी ४ लाख पाठवले होते, मला न सांगता. मी विचारलं तर म्हणाला, "मी कधी दुसऱ्या बाईकडे बघितलंय का?"

दोघंही खरं बोलतोय आणि दोघांनाही फसवल्यासारखं वाटतंय. हे कसं काय?

---

पेडण्याची_सुमन

बाय, असे पुरुष सुधारत नाहीत. जहाजावर कुठल्या बंदरात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. फोन तपास, बँकेचे कागद आधी हातात घे आणि माहेरी कळव.

---

सांजवात_फोंडा

सुमनताई, तुमची कळकळ समजते. पण त्याची कुणी मैत्रीण आहे असा माझा प्रश्न नाही. तशी शंका मला कधीच आली नाही. आमच्या दोघांच्याही बाजूने तिसरं माणूस त्या अर्थाने नाही, आणि तरी हे झालं. अडचण तीच आहे.

---

मांडवीकाठ

ताई, यात गूढ काही नाही. पुरुषाला लागतं ते शारीरिक, बाईला लागतं ते भावनिक. संशोधनच आहे तसं. तुमचा नवरा तोंडाने काही म्हणो, त्याच्या मनात शारीरिक संशयच आहे. मी पुरुष आहे, मला कळतं. नाटक सोडा, त्या माणसाचा नंबर काढून टाका, दोन महिन्यांत सगळं निवळेल. ४ लाखांचं काढू नका, भावाला दिलेत, जुगारात नाही घातले.

---

अबोली_मडगाव

मी जोडप्यांचं समुपदेशन करते, १९ वर्षं झाली. त्यात तारवटी घरं पुष्कळ. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मांडवीकाठ यांच्याबद्दल. ते म्हणतात तसं संशोधन आहे, अर्धं. डेव्हिड बस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं होतं: जोडीदाराचे दुसऱ्याशी शारीरिक संबंध आले किंवा त्याचं मन दुसऱ्यात गुंतलं, यातलं जास्त काय लागेल? एकच निवडा. पुरुषांत शारीरिक निवडणारे जास्त निघाले, बायकांत भावनिक. पण त्याच पाहणीत १०० पुरुषांपैकी सुमारे ४० जणांनी भावनिक निवडलं होतं. ते ४० जण या चर्चेत नेहमी गळतात. पुढे काही संशोधकांनी "एकच निवडा" हे बंधन काढून दोन्हींचा त्रास वेगळा मोजला, तेव्हा स्त्री-पुरुषांतला हा फरक बराच ओसरला. सांजवातचा नवरा "ते मी विचारलंच नाही" म्हणतो, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. त्याला काय लागलं ते तो सरळ सांगतोय.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे या सगळ्याला शब्द एकच, फसवणूक. आणि तिच्या उलट शब्द एकच, निष्ठा. घरात भांडण पेटतं ते बहुतेक वेळा इथेच. माझ्यासमोर जोडपं बसतं तेव्हा मी तीन प्रश्न वेगळे करते. शरीराने कुणापाशी जायचं आणि कुणापाशी नाही, हा एक. तिऱ्हाइतासमोर, पैशाच्या वेळी, भावाबहिणींच्या तंट्यात तू कुणाच्या बाजूने उभा राहतोस, हा दुसरा. आणि पोटात गोळा येतो तेव्हा पहिला फोन कुणाला जातो, हा तिसरा. ही तीन खाती आहेत. एकात पैसे असले म्हणून दुसऱ्यातला चेक वटत नाही.

तुमच्या घरात पहिलं खातं दोघांचंही भरलेलं आहे. नवऱ्याचं दुसरं रिकामं झालं, कारण भावाची बाजू त्याने तुम्हाला वगळून घेतली. तुमचं तिसरं हललं. आणि भांडताना दोघंही पहिल्या खात्याचं पासबुक दाखवताय: "मी हात लावला नाही", "मी बघितलं नाही".

तिसऱ्या खात्याबद्दल एक खूण सांगते. शर्ली ग्लास नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी भिंत आणि खिडकी अशी कल्पना मांडली. नवरा-बायकोमध्ये खिडकी असावी, आणि त्या दोघांच्या आणि बाहेरच्यांच्या मध्ये भिंत. बाहेरची मैत्री हा दोष नव्हे. दोष तेव्हा, जेव्हा खिडकी आणि भिंतीची जागा बदलते: मित्राला तुमच्या लग्नातलं सगळं माहीत, आणि नवऱ्याला त्या मैत्रीतलं काही नाही. सांजवात, तो मित्र बाकावर बसला होता ही चूक नाही. कुणीतरी बसायलाच हवं होतं. नवरा जहाजावरून तर येऊ शकत नव्हता. पण लग्नातला एकटेपणा तुम्ही त्याला सांगितलात, आणि ज्याच्याबद्दल तो होता त्याला आजही सांगितलेला नाही. बरोबर ना?

---

सांजवात_फोंडा

बरोबर. वाचून खूप वेळ बसून राहिले.

---

गुरुजी_वाळपई

मी शाळेतून निवृत्त झालो, आता देवळात कीर्तन करतो. अबोलीताईंचं वाचून मनात आलं ते लिहितो.

रामाचं एकपत्नीव्रत आपण घराघरांत सांगतो, आणि ते खरंच होतं. सीता वनात असताना यज्ञाला पत्नी हवी, तर रामाने दुसरं लग्न केलं नाही, सोन्याची सीता शेजारी बसवली. पण त्याच रामाने लोकापवाद आला तेव्हा सीतेची बाजू सोडली, आणि तीही तिला न सांगता, लक्ष्मणाकरवी. म्हणजे ताईंचं पहिलं खातं अखेरपर्यंत अखंड आणि दुसरं रिकामं. राजा म्हणून त्याचं बरोबर-चूक कीर्तनकार हजार वर्षं मांडत आलेत, तो वाद मी इथे आणत नाही. सीतेला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, ते दुसरी बायको आली म्हणून नव्हे. एवढंच.

आणि द्रौपदीचं उलटं. पाच नवरे, म्हणून पहिल्या खात्याचे नियम तिथे वेगळेच. नारदाने सुचवलं आणि पांडवांनी ठरवलं की एकाच्या एकांतात दुसऱ्याने यायचं नाही, आला तर वनवास. ब्राह्मणाच्या गाई सोडवायला शस्त्रं आणायची म्हणून अर्जुन आत गेला. युधिष्ठिर म्हणाला, तुझा दोष नाही, थांब. अर्जुन तरी गेला. मला त्यात मोठं दिसतं ते हे की नियम आधी बोलून ठरला होता, आणि मोडल्यावर लपवला नाही.

---

निखिल_आसगाव

गुरुजी, हे उदाहरण मला उपयोगी पडलं, म्हणून माझं लिहितो. काही जणांना आवडणार नाही, पण विषय तोच आहे.

मी आणि माझी जोडीदार सात वर्षं एकत्र आहोत, लग्न केलेलं नाही. आमच्यात शारीरिक बंधन नाही असं आम्ही दोघांनी बोलून ठरवलंय. लोकांना वाटतं आमच्यात नियमच नाहीत. उलट, लग्न झालेल्या माझ्या एकाही मित्राकडे एवढे नियम नाहीत. ओळखीच्या गटातलं माणूस नाही. आधी सांगायचं, नंतर नाही. घरी कुणाला आणायचं नाही. तपासण्या वेळेवर. आणि दोघांपैकी एकाने "थांब" म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचं जवळजवळ मोडलं, आणि ते यातल्या कशावरून नाही. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मी त्या चार दिवसांत मित्रांबरोबर हंपीला गेलो, आधीच ठरलेलं होतं म्हणून. तिने "जा" म्हटलं आणि मी ते शब्दशः घेतलं. परत आलो तेव्हा ती म्हणाली, "तू कुणाबरोबर झोपलास तर मला चाललं असतं. मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये एकटी जेवत होते, ते नाही चाललं." तेव्हा मला समजलं की आमचे सगळे नियम पहिल्या खात्याचे होते. दुसऱ्यासाठी आम्ही एक ओळ लिहिली नव्हती, ते आपोआप असतं असं धरून चाललो होतो.

---

मांडवीकाठ

निखिल, ही तडजोड आहे, बांधिलकी नाही. ज्यात काही राखून ठेवलेलं नाही त्याला बांधिलकी कसं म्हणायचं? माझं मत स्पष्ट आहे. पण कॅन्टीनचं वाचून मला आमच्या घरातलं एक आठवलं. ते इथे लिहीत नाही.

---

अबोली_मडगाव

निखिलच्या वाटेने जाणारी जोडपी माझ्याकडे येतात. सगळ्यांना ती झेपतच असं नाही. एकाने भीतीपोटी "हो" म्हटलेलं असेल तर ती बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षी तुटतात. पण त्याने जे ओळखलं ते बंद दारातल्या लग्नांनाही लागू आहे. जे बोलून ठरवलं नाही ते दोघांच्या डोक्यात वेगवेगळं असतं.

---

जुना_तारवटी_वास्को

मी ३४ वर्षं समुद्रावर काढली, बोसन म्हणून उतरलो. आमच्या वेळी पत्र यायला महिना लागायचा. बंदरात फोनच्या रांगेत दोन तास उभं राहून तीन मिनिटं बोलायचं, त्यात पहिलं मिनिट "ऐकू येतंय का" यात जायचं.

मी माझ्या बायकोला सोडून कुणाकडे गेलो नाही. दर महिन्याला अलॉटमेंट घरी पोचली, एक महिना चुकला नाही. घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली. मला वाटत होतं मी माझ्या बाजूचं सगळं केलं.

उतरलो त्या वर्षी एका संध्याकाळी आम्ही सोप्यावर बसलो होतो. बायको म्हणाली, "तुम्ही माणूस सोन्यासारखे. पण माझ्या मनात काय आहे हे तुमच्यापेक्षा मासळीवाल्या कोळणीला जास्त ठाऊक." ती रागाने नव्हती म्हणाली. मला त्याचं उत्तर आजतागायत सापडलेलं नाही. मी वाईट बातमी घरी कळवत नव्हतो, त्यांना घोर नको म्हणून. तीही कळवत नव्हती, मला घोर नको म्हणून. दोघं एकमेकांना जपत राहिलो आणि ओळख राहिली नाही.

पोरी, तुझ्या नवऱ्याला "फसवलंस" असं वाटलं ते मला समजतं. जहाजावर माणसाच्या हाती काही नसतं. घरचं दुखणं निस्तरता येत नाही, पण ते आपल्याला कळवलं जातं, म्हणजे आपण अजून त्या घरातले आहोत, एवढाच आधार असतो. तो काढून घेतला तर माणूस नुसता पैसे पाठवणारा उरतो.

---

सांजवात_फोंडा

बाबा, हे मी त्याला वाचून दाखवलं. तो उठून मागच्या दारी गेला आणि बराच वेळ आला नाही.

---

वकील_डिचोली

पैशाच्या भागाबद्दल लिहितो, कारण मांडवीकाठ म्हणतात ते "काढू नका" मला पटत नाही.

गोव्यात लग्नाला १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे, इथे तो १८७०पासून आला. लग्नाच्या आधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते, निम्मी-निम्मी. आपल्याकडे पहिली सही, दुसरी सही करायला जातात तेव्हा किती जण हे वाचतात? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फारच थोडे. घर किंवा जमीन विकायची तर दोघांचीही संमती लागते. म्हणजे कायद्याने दुसऱ्या खात्याची थोडी व्यवस्था केलेली आहे: एकमेकांना वगळून घर विकता येत नाही. ४ लाख रोख रक्कम आहे, तिचं गणित वेगळं आणि कोर्टात न्यायचा हा विषयही नाही. पण "माझी कमाई, माझा भाऊ" हे इथल्या कायद्याच्या वृत्तीत बसत नाही, एवढं त्यांना सांगायला हरकत नाही.

पहिल्या खात्याचा कायदाही बघण्यासारखा आहे. भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. त्या कलमात गुन्हा व्हायचा तो दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषावर, आणि तेही नवऱ्याची संमती नसेल तर. बायकोला स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध ते वापरता येत नव्हतं. म्हणजे त्या कायद्याला जपायची होती ती नवऱ्याची मालकी, दोघांमधला शब्द नव्हे. गुन्हा गेला तरी घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार राहिलाच. आणि गोव्याच्या १९१०च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याचा आणि बायकोचा, दोघांचाही व्यभिचार कारण म्हणून आहे.

तिसऱ्या खात्याला मात्र कायदा नाही. "स्वतःचं दुखणं तिने आधी दुसऱ्याला सांगितलं" असं कुठल्या अर्जात लिहिता येत नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

---

पेडण्याची_सुमन

मी आधी चुकीचं समजले, माफ कर गो. आता नीट वाचलं. पण माझा एक प्रश्न आहे. खिडकी-भिंत म्हणता, तर उद्या नवरा म्हणेल सगळे मेसेज दाखव, कुणाशी काय बोललीस ते सांग. माझ्या बहिणीचं तसंच झालं. तिच्या नवऱ्याने "आपल्यात काही लपलेलं नको" म्हणत तिच्या मैत्रिणी एकेक करून तोडल्या. शेवटी आईशी बोलतानाही तो शेजारी बसायचा.

---

अबोली_मडगाव

सुमनताई, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आक्षेप. खिडकी म्हणजे पोलिसी झडती नव्हे. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेलं तिचं गुपित नवऱ्याला सांगायचं बंधन कुणावर नाही. मनातला एखादा कोपरा स्वतःपुरता ठेवायलाही हरकत नाही.

मी फरक असा ओळखते: मागणी कुठे थांबते ते बघायचं. ज्याला जवळीक हवी असते त्याला एकदा मनातलं कळलं की तो शांत होतो, आणि स्वतःचंही सांगतो. ज्याला ताबा हवा असतो त्याचं समाधान कधीच होत नाही. आज मेसेज, उद्या मैत्रीण, परवा आई, आणि स्वतःचा फोन मात्र खिशात. तुमच्या बहिणीच्या घरी दुसरं चालू होतं. तिथे तीन खात्यांची चर्चा करत बसू नये, तिला आधी तिची माणसं परत मिळवून द्यावीत.

सांजवात, तुमच्या घरी तसं दिसत नाही, म्हणून एक काम सुचवते. दोघांनी वेगवेगळं बसून लिहायचं, एकमेकांना न विचारता. "विश्वास हवा", "प्रामाणिकपणा हवा" असले शब्द नकोत, त्यांवर सगळ्यांचंच एकमत असतं आणि त्यातून काही निघत नाही. प्रसंग लिहायचे. दुखणं आलं तर किती तासांत सांगायचं? न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करता येईल? तुमच्याबद्दलची तक्रार तो कुणापाशी करू शकतो, आईपाशी, भावापाशी, कुणापाशीच नाही? रात्री बाराला मित्राशी फोनवर बोललेलं चालेल का, आणि कुठल्या विषयावर नाही? मग कागद बदलून वाचायचे. पहिल्या दिवशी नुसतं वाचायचं, उत्तर द्यायचं नाही. बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो: वाचता वाचता खोडून काढायला लागतात.

---

सांजवात_फोंडा

बारा दिवसांनी लिहितेय.

आम्ही कागद लिहिले. मुलगी आजीबरोबर जत्रेला गेली होती. मी स्वयंपाकघरात, तो सोप्यावर. त्याने दोन पानं लिहिली. ११ वर्षांत त्याने मला एवढं कधी लिहिलं नव्हतं.

पैशाच्या ओळीवर मी १० हजार लिहिले होते, त्याने ५० हजार. मला धक्का बसला, मग लक्षात आलं की त्याच्या हिशेबाने ४ लाखही "सांगायला हवे होते" यातच येतात. तो ते नाकारत नव्हता, फक्त लाजत होता. भावाने मे महिन्यात फोनवर रडून मागितले होते, आणि मी "नाही" म्हणेन या भीतीने त्याने मला विचारलंच नाही. मी खरंच "नाही" म्हटलं असतं. त्याने लिहिलं होतं, "तू नाही म्हटलं असतंस तर मला दोघांमधून एक निवडावा लागला असता. न सांगून मी निवड केलीच, ते तेव्हा कळलं नाही." आता २५ हजारांवर ठरलं आहे. भावाच्या पैशांचं काय होणार ते माहीत नाही. ते परत येतील असं मला वाटत नाही.

दुखण्याच्या ओळीवर दोघांनीही एकच लिहिलं होतं: त्याच दिवशी. नेट नसेल तर कंपनीच्या ऑफिसमार्फत निरोप. तो म्हणाला, जहाजावर कॅप्टनकडे असा निरोप येतो, ती सोय आहे, मी कधी विचारलंच नव्हतं. आणि त्यानेही कबूल केलं की गेल्या वर्षी इंजिन रूममध्ये त्याचा हात भाजला होता, ते त्याने मला सांगितलं नव्हतं. बाही वर करून खूण दाखवली. मी त्या हाताला रोज बघत होते.

लग्नातल्या एकटेपणाचं मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. लिहिता आलं नव्हतं, तोंडाने सांगितलं. तो फार बोलला नाही. "किती वर्षांपासून?" एवढंच विचारलं.

जिथे अडलंय ते हे. त्याच्या कागदावर शेवटची ओळ होती, "नाटक सोड." मी सोडणार नाही. नाटक मी लग्नाआधीपासून करतेय. त्या माणसाला मी घरी जेवायला बोलावलं, नवऱ्यासमोर. दोघं पावसावर आणि नारळाच्या भावावर बोलले. नवरा नंतर म्हणाला, "माणूस वाईट नाही. पण त्याला बघितल्यावर मला तो बाक दिसतो." यावर मी काय करू ते मला कळत नाही.

---

मांडवीकाठ

ताई, मी आधी नाटक सोडा म्हटलं होतं. आता तसं म्हणणार नाही. पण तुमचा नवरा म्हणतो त्या बाकाचं खरं आहे. ते जेवणाने जाणार नाही.

---

अबोली_मडगाव

जाणार नाही, आणि घाई करू नका. तो बाक त्याला दिसतो कारण तिथे तो असायला हवा होता असं त्याला वाटतं. तपासणी पुन्हा कधी आहे?

---

सांजवात_फोंडा

डॉक्टरांनी सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगितलीय, म्हणजे जानेवारीत. तो २० तारखेला साइन ऑन होणार होता. काल त्याने एजंटला फोन करून महिनाअखेरपर्यंत थांबायचं विचारलं. होकार अजून आलेला नाही. मी १६ची अपॉइंटमेंट मिळते का बघतेय.

---

जुना_तारवटी_वास्को

१६ मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर एजंटकडे पुन्हा माग. माझ्या वेळी मी कधी मागितलं नव्हतं.